लॅपटॉप तापतोय? आधी वाऱ्याला हात लावून बघा

लॅपटॉप तापला की दोष बहुधा धुळीचा असतो, पेस्टचा नव्हे. म्हणून आधी पंखा आणि जाळी साफ करा. माझ्या पाच वर्षांच्या लॅपटॉपचं तेच केलं, तरी व्हिडिओ सुरू करताच प्रोसेसरचं तापमान काही सेकंदांत ५० वरून ९५ अंशांवर जाई आणि काम मंदावे. पंखा जोरात फिरत होता, पण बाहेर येणारा वारा जेमतेम कोमट. म्हणजे उष्णता चिपपासून तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नव्हती. मधली पेस्ट वाळल्याची हीच खूण.

पेस्ट बदलताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेकदा आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, थोडे थोडे फिरवा. माझी जुनी पेस्ट खडूसारखी भुरभुरत होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. मग उघड्या चिपवर नवी पेस्ट पातळ, पण पूर्ण पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच भाग तापतो. शेजारच्या चिपांवरचे मऊ थर्मल पॅड फाटू देऊ नका. त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. शेवटी स्क्रू आकड्यांच्या क्रमाने आवळा.

त्यानंतर तोच व्हिडिओ लावला, तर तापमान ७८ अंशांवर थांबलं आणि वारा गरम लागू लागला. वॉरंटी शिल्लक असेल, तर मात्र झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.