पोकळ वाजला म्हणजे भाजला?

"खालून टकटक करून बघ, पोकळ वाजला की पाव झाला." घरी यीस्टचा पाव करणारं कुणीही भेटलं की हे वाक्य ऐकू येतंच. माठ विकत घेताना आपण वाजवून घेतो, ते ठीक आहे. तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो. पावाच्या आवाजातून मात्र त्याच्या निम्मंही कळत नाही.

गेल्या महिन्यात मावसबहिणीनं पाव कापला तर मधोमध ओलसर, चिकट पट्टा. सुरीला लगदा लागलेला. "ताई, नीट वाजला होता गं!" वाजला असणारच. तिचा गोळा साधाच होता : 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम यीस्ट, म्हणजे 840 ग्रॅम. पुढच्या खेपेला मी तिच्याकडे थर्मामीटर घेऊन गेले. पंचविसाव्या मिनिटाला वर तांबूस रंग आला. बाहेर काढून तळ वाजवला, तर छान पोकळ आवाज. गाभ्यात सळई खुपसली : 86 अंश. तसाच परत आत ठेवला. आणखी बारा मिनिटांनी 96 अंश भरला, आवाज मात्र होता तसाच.

असं का होतं? कच्च्या गोळ्यातले बुडबुडे एकमेकांपासून वेगळे, बंद असतात. साठ अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, सत्तर-ऐंशीच्या सुमारास ग्लुटेन घट्ट होतं, बुडबुड्यांच्या भिंती फुटतात आणि गोळ्याचा स्पंज होतो. हॅरॉल्ड मॅगी यांनी 'ऑन फूड अँड कुकिंग'मध्ये पोकळ आवाजाचं कारण हेच दिलं आहे. म्हणजे आवाज सांगतो की स्पंज तयार झाला. त्या स्पंजात पाणी किती उरलंय, हे तो सांगत नाही. म्हणून ही कसोटी एकाच बाजूनं खरी आहे. आवाज भरीव, दबका आला तर पाव नक्की कच्चा. पोकळ आला तर फक्त तपासायची वेळ झाली. त्यातून साच्यावरच टकटक करून निकाल देणाऱ्यांना काय म्हणावं? तो आवाज पत्र्याचा असतो!

मग ओळखायचं कसं? साध्या, तूप-दूध नसलेल्या पावाचा गाभा 93 ते 98 अंशांवर जावा लागतो. थर्मामीटर नसेल तर वजनकाटा घ्या : भाजताना साधारण दहा-बारा टक्के वजन पाण्याच्या रूपानं उडतं. 840 ग्रॅमचा गोळा 750च्या आसपास आला पाहिजे. 790 भरला, तर तो कितीही गोड वाजो, परत आत जाऊ द्या. महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी 98ची वाट बघू नये. तिथल्या उंचीवर पाणीच सुमारे 95 अंशांना उकळतं आणि पावाचा ओला गाभा त्यापुढे चढत नाही.

आता ओव्हनचा दिवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं नसतं. तापलेली असते ती आतली हवा. दार उघडलं की ती बाहेर जाते. भिंती आणि ट्रे तापायला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. शिवाय बटणावरचा 220चा आकडा हा फक्त अंदाज असतो, वीसेक अंश इकडेतिकडे सहज होतं. आत ठेवायचा छोटा तापमापक घ्या. माझ्या बहिणीचा ओव्हन 220 लावल्यावर 195च दाखवत होता.

वाफेबद्दलचा गैरसमज तर उलट्या दिशेचा आहे. पावाची साल कुरकुरीत व्हावी म्हणून लोक शेवटपर्यंत पाणी शिंपडत बसतात. वाफेचं काम पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचं. ती थंड गोळ्यावर पाणी होऊन बसते, पृष्ठभाग ओला आणि लवचीक राहतो, त्यामुळे पाव न फाटता फुगतो; वरच्या स्टार्चची खळ होते, तिचीच पुढे चमक येते. साल कुरकुरीत होते ती त्यानंतरच्या कोरड्या उष्णतेनं. घरात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचं बिडाचं भांडं ओव्हनमध्येच तापवायचं, गोळा आत सोडायचा, पंधरा मिनिटांनी झाकण काढायचं. पावाचीच वाफ पुरते. तापलेल्या काचेच्या दारावर मात्र पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, काच तडकते.

आणि गरम पाव कापणं. त्याला हौस म्हणा, पण मग चिकटपणाचा दोष भाजण्याला देऊ नका. आतला स्टार्च निवतानाच घट्ट होतो. तासभर जाळीवर ठेवा.

लादीपावाला तर हे टकटक प्रकरण लावूच नका. तो एकमेकांना चिकटून भाजतो, त्याच्या बाजूंना कडक साल येतच नाही. तिथे मधला पाव सोडवून त्याची बाजू बोटानं दाबायची. ती उसळून वर आली की लादी बाहेर.