संख्या पुरेशी, तरी रक्त थांबत नाही

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली, की बंगळूरसारख्या शहरात घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘प्लेटलेट किती आहेत?’ रक्तातील ह्या सूक्ष्म चकत्यांना मराठीत बिंबाणू म्हणतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटरात त्या साधारण दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. तो आकडा फार खाली गेला तर रक्तस्रावाचा धोका असतो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पण ह्या ज्ञानाबरोबर एक चुकीची समजूतही नकळत रुजली आहे. आकडा ठीक असला म्हणजे रक्ताची काळजी नाही, असे लोक मानू लागले आहेत. काही कुटुंबांत अशी मुले जन्माला येतात, की त्यांचे बिंबाणू मोजायला गेले तर एकही कमी भरत नाही, आणि तरीही त्यांच्या नाकातून सुरू झालेले रक्त तास तास थांबत नाही. ह्या आनुवंशिक विकारांपैकी सर्वांत स्पष्ट रूपाचा विकार ग्लान्झमान ह्या नावाने ओळखला जातो.

एडुआर्ट ग्लान्झमान हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथील बालरोगतज्ज्ञ. १९१८ साली त्यांनी असे रुग्ण वर्णिले, की ज्यांच्या बिंबाणूंची संख्या पुरेशी होती, परंतु परीक्षानळीत साकळलेले रक्त नेहमीप्रमाणे आक्रसून घट्ट होत नव्हते. बिंबाणू आहेत, पण दुर्बल आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि विकाराला दिलेल्या नावातही दुर्बलतेचा अर्थ घातला. ही दुर्बलता नेमकी कशात आहे, हे कळण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

ती समजण्यासाठी एखाद्या बारीक जखमेत काय घडते, ते पाहिले पाहिजे. रक्तवाहिनीची भिंत फाटली, की आतला उघडा पडलेला भाग बिंबाणूंना धरून ठेवतो. त्यांचा पहिला थर भिंतीला चिकटतो. चिकटलेले बिंबाणू उत्तेजित होतात, आकार बदलतात आणि इतर बिंबाणूंना बोलावणारी द्रव्ये बाहेर टाकतात. ह्यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. प्रत्येक बिंबाणूच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट प्रथिनाचे हजारो रेणू असतात. एरवी ते मिटलेले असतात, उत्तेजनानंतर ते उघडतात आणि रक्तद्रवातील फायब्रिनोजेन नावाचा लांबट रेणू पकडतात. फायब्रिनोजेनाला दोन टोके असतात. एक टोक एका बिंबाणूने धरले आणि दुसरे शेजारच्याने, की दोघे जोडले जातात. अशा असंख्य जोडण्यांनी जखमेच्या तोंडावर एक बोळा तयार होतो आणि काही मिनिटांत रक्त थांबते.

ग्लान्झमान विकारात पकड घेणारे हेच प्रथिन नसते, फार थोडे असते किंवा सदोष असते. १९७४ च्या सुमारास पॅरिसमध्ये ॲलन नर्डन आणि झाक काएन ह्यांनी अशा रुग्णांच्या बिंबाणूंवरील हा अभाव दाखवून दिला. पहिला थर भिंतीला चिकटतो, कारण त्याची पकड निराळ्या प्रथिनाची असते व ती शाबूत असते. पण दुसरा बिंबाणू पहिल्याला धरू शकत नाही. गवंड्याकडे विटा भरपूर आहेत आणि चुना मात्र नाही, अशी ही अवस्था होय. आतली गुठळी न आक्रसण्याचे कारणही तेच. आक्रसण्यासाठी बिंबाणूंनी गुठळीतील तंतू धरून ओढावे लागतात, आणि येथे धरण्याचे साधनच नाही.

आता एक काल्पनिक, परंतु नमुनेदार उदाहरण घेऊ. बंगळुरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील सात वर्षांची मुलगी आहे. तान्ही असल्यापासून तिच्या अंगावर किरकोळ दाबानेही जांभळे डाग उठत. दुधाचा दात पडला, की हिरडी रात्रभर पाझरत राही. आता नाकातून रक्त येऊ लागले आहे आणि मुलगी फिकट दिसते. रक्त तपासले, तेव्हा बिंबाणू २ लाख ६० हजार भरले. रक्तद्रवाच्या साकळण्याचा वेळ दाखवणाऱ्या नेहमीच्या दोन्ही चाचण्या योग्य आल्या. फक्त हिमोग्लोबिन ८ ग्रॅमवर उतरलेले. ‘प्लेटलेट नॉर्मल आहेत’ असे सांगून, लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले जाण्याचा संभव येथे फार मोठा असतो.

परंतु ह्याच हकिकतीत निदानाची खूण आहे. रक्तस्राव होतो तो त्वचेतून, हिरड्यांतून, नाकातून, म्हणजे पृष्ठभागांवरून. आणि तो दुखापत होताच सुरू होतो. हिमोफिलियात सांधे व स्नायू यांत खोलवर रक्त साचते, तसे येथे क्वचितच होते. शिवाय हिमोफिलिया बहुतांशी मुलग्यांत दिसतो, तर हा विकार मुलामुलींत सारखाच असतो. म्हणून डॉक्टरांचा संशय बिंबाणूंच्या कामावर गेला पाहिजे.

पहिली परीक्षा अगदी साधी आहे. मोजणीसाठी घेतलेल्या रक्ताच्या नळीत ते साकळू न देणारे द्रव्य असते, त्यामुळे तेथे निरोगी माणसाचेही बिंबाणू सुटे दिसतात आणि यंत्र ते नुसते मोजते. म्हणून बोटाला टोचून आलेला थेंब तसाच काचपट्टीवर पसरावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. निरोगी रक्तात बिंबाणूंचे पुंजके दिसतात. ह्या मुलीच्या रक्तात प्रत्येक बिंबाणू एकटा, आकाराने नेहमीसारखा, पण शेजाऱ्यापासून अलग पडलेला दिसतो. दुसरी परीक्षा ग्लान्झमान ह्यांच्या निरीक्षणावर आधारलेली आहे. काचेच्या नळीत रक्त साकळू देऊन ते शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात ठेवतात. तासाभरात निरोगी गुठळी आक्रसते आणि भोवती स्वच्छ पिवळसर द्रव सुटतो. येथे गुठळी नळीभर तशीच ढिली राहते.

निश्चितीसाठी मात्र प्रगत प्रयोगशाळा लागते. १९६२ साली लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न ह्यांनी काढलेली पद्धत आजही वापरली जाते. बिंबाणूंनी गढूळ असलेल्या रक्तद्रवातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि त्यात बिंबाणूंना उत्तेजित करणारे द्रव्य घालतात. बिंबाणू एकवटले, की द्रव निवळतो व प्रकाश अधिक पार जातो. ग्लान्झमान विकारात एडीपी, कोलॅजन, ॲड्रेनालिन ह्यांपैकी काहीही घातले, तरी गढूळपणा जात नाही. रिस्टोसेटिन हे एकच द्रव्य घातले, तर बिंबाणू गोळा होतात, कारण ते भिंतीला चिकटवणाऱ्या त्या दुसऱ्या, शाबूत पकडीवर काम करते. हा नकाशा जवळजवळ निर्णायक असतो. पण एक पथ्य आहे : चाचणीआधी आठदहा दिवसांत ॲस्पिरिन घेतलेले नसावे आणि रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत परीक्षा व्हावी. एरवी निरोगी बिंबाणूही मंद भासतात. शेवटी बिंबाणूंवरील ते प्रथिन किती आहे, हे प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजतात, म्हणजे शंका उरत नाही.

हा विकार येतो कोठून? पकडीच्या प्रथिनाचे दोन भाग असतात, आणि त्या दोन्हींची जनुके सतराव्या गुणसूत्रावर आहेत. आईकडून व वडिलांकडून, दोन्हीकडून एकाच भागाचे सदोष जनुक आले, तरच मूल आजारी पडते. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक आहे, त्याला सहसा काहीही त्रास होत नाही, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. जगात हा विकार अत्यंत विरळा, अंदाजे दहा लाखांत एक असा मानला जातो. तरी वेल्लूर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८१ साली दक्षिण भारतातील ४२ रुग्णांची हकिकत एकत्र प्रसिद्ध केली. ह्याचा संबंध विवाहपद्धतीशी आहे. १९८० च्या दशकात बंगळूर व म्हैसूर येथील नवजात बालकांच्या मोठ्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश विवाह नात्यातले आढळले. त्यांत मामा-भाचीचे विवाह बरेच होते. मराठी घरांतही मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. मामा वाहक असेल, तर त्याची बहीण वाहक असण्याचा संभव निम्मा, आणि तिची मुलगी वाहक असण्याचा संभव एक चतुर्थांश. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याचा संभव पुन्हा एक चतुर्थांश. म्हणजे सोळांत एक. मामाच्या मुलाशी किंवा मुलीशी विवाह झाला, तर तो बत्तिसांत एक होतो. नात्याबाहेरच्या विवाहात समोरची व्यक्तीही वाहक असणे फारच दुर्मिळ. येथे एक गोष्ट विसरू नये, की नात्यातला विवाह हा दोष उत्पन्न करीत नाही. घराण्यात दडलेल्या दोन प्रतींची गाठ तो घालून देतो. ज्या घरात तो दोष नाही, तेथे ह्या विकाराची भीतीही नाही.

निदान झाल्यावर त्या मुलीचे काय? तिला ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन कायमचे वर्ज्य. तापाला पॅरासिटामॉल चालते. नाकातून रक्त आले, तर तिला बसवून, किंचित पुढे वाकवून नाकपुड्या दहापंधरा मिनिटे सतत दाबून धराव्या. गुठळी लवकर विरघळू न देणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध दात काढताना व नाकाच्या स्रावात फार उपयोगी पडते. लोहाची भरपाई चालू ठेवावी लागते. खरी कसोटी पहिल्या मासिक पाळीच्या वेळी येते. तो स्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षीच स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून संप्रेरकांच्या गोळ्यांची योजना ठरवून ठेवावी.

बिंबाणू कमी नाहीत, पण निकामी आहेत. तर दुसऱ्याचे चांगले बिंबाणू चढवावे, हा विचार सहज सुचतो आणि तो खराही आहे. परंतु त्यात एक मेख आहे. ज्या शरीराने ते प्रथिन कधी पाहिलेच नाही, ते त्याला परके मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. मग पुढच्या वेळी चढवलेले बिंबाणू तत्काळ नष्ट होतात. एवढेच नव्हे, ती मुलगी पुढे गरोदर राहिली, तर हीच प्रतिपिंडे गर्भात जाऊन बाळाचे निरोगी बिंबाणू मारू शकतात. म्हणून बिंबाणू हे मोठी शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा प्राणसंकट ह्यांसाठी राखून ठेवावे लागतात. प्रतिपिंडे झालेल्या रुग्णांसाठी कृत्रिमरीत्या बनवलेला सातवा क्लथनघटक उपलब्ध आहे, पण तो फार महाग आहे. अस्थिमज्जा बदलून विकार समूळ जातो. त्यातले धोके मात्र मोठे, म्हणून तो मार्ग फार तीव्र रुग्णांपुरताच उरतो.

ह्या विरळ विकाराने वैद्यकाला एक अनपेक्षित देणगीही दिली आहे. हृदयाच्या रोहिणीत गुठळी होते, तेव्हा बिंबाणूंची तीच पकड घातक ठरते. ती काही काळ मुद्दाम बंद करावी, ह्या कल्पनेतून अमेरिकेतील बॅरी कॉलर ह्यांच्या संशोधनाने एक औषध घडले आणि १९९४ साली त्याला तेथे मान्यता मिळाली. ते औषध वापरात होते, तेव्हा त्या रुग्णाला काही तासांपुरते ग्लान्झमान विकाराचे रक्त दिले जात असे, असे म्हटले तरी चालेल.

ह्या सर्वांतून व्यवहाराची गोष्ट एवढीच निघते. एखाद्या मुलाच्या हिरड्या, नाक वा त्वचा वारंवार पाझरत असेल आणि अहवालावरचा आकडा योग्य असेल, तर तपास तेथे संपवू नये. बिंबाणू किती आहेत, ह्याचे उत्तर मिळालेले असते; ते एकमेकांना धरतात की नाही, हे अजून विचारायचे राहिलेले असते. ते निरखण्याची पहिली पायरी बोटातला एक थेंब, एक काचपट्टी आणि पाहणारी नजर एवढ्यावर भागते.