एका लिंकसाठी लिहिलेली ई-मेल

पुण्यातली एक हौशी बागकाम करणारी व्यक्ती गच्चीवरच्या भाज्यांविषयी छोटा ब्लॉग लिहिते असं समजा. पुण्याच्या हवेत कोणत्या महिन्यात काय पेरायचं, कुंडी किती खोल हवी, ऊन किती तास लागतं याचा बारा महिन्यांचा तक्ता तिने स्वतःच्या नोंदींवरून केला आहे. तक्ता कामाचा आहे, पण तो कुणाला सापडत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही वेबसाइटवरून त्याच्याकडे लिंक येत नाही.

या लिंकला बॅकलिंक म्हणतात. एखाद्या पानाकडे कुठून आणि किती लिंक येतात यावरून त्याचं वजन ठरवायचं, या कल्पनेवर लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल उभं केलं. आज गूगल इतरही बऱ्याच गोष्टी पाहतं, तरी लिंकचं महत्त्व टिकून आहे. म्हणूनच छोटे ब्लॉगर वेबसाइट चालवणाऱ्यांना ई-मेल पाठवून लिंक मागतात, आणि त्यातल्या बहुतेक ई-मेलना उत्तर येत नाही. ‘तुमची वेबसाइट फार आवडली, माझ्या लेखाची लिंक द्याल का?’ यात समोरच्याच्या उपयोगाचं काहीच नसतं.

उपयोगाचं काही द्यायचा एक सरळ मार्ग आहे: बंद पडलेली लिंक शोधणं. ओल्या कचऱ्यापासून खत करायला शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या पानावर शेवटी ‘अधिक माहिती’ अशी यादी असते. यादीतल्या एकेका लिंकवर क्लिक करत जायचं. एखादी उघडत नाही, 404 दिसतं. तिचा पत्ता कॉपी करून web.archive.org वर टाकला, की जुन्या पानाची साठवलेली प्रत बरेचदा मिळते. तिथे लागवडीचंच वेळापत्रक होतं असं दिसलं, तर आपला तक्ता त्या जागी शोभेल. तिथे खताच्या डब्यांचे प्रकार असतील, तर तक्ता पुढे करू नये. फक्त बंद लिंकची खबर द्यावी.

मग ई-मेल लिहायची. ती अशी असू शकते:

“विषय: खताच्या पानावरची एक लिंक बंद आहे

नमस्कार,
घरच्या घरी खत करण्याविषयीचं तुमचं पान वाचलं. डब्यात पाणी सुटलं तर सुका पाला मिसळा, ही सूचना मला उपयोगी पडली. पानाच्या शेवटी ‘अधिक माहिती’मधली तिसरी लिंक, ‘कोणत्या महिन्यात काय लावावं’, आता उघडत नाही.
त्याच विषयावर मी पुण्याच्या हवामानासाठी बारा महिन्यांचा तक्ता केला आहे. त्याचा पत्ता खाली दिला आहे. योग्य वाटला तर त्या जागी वापरू शकता. नाही वाटला, तरी बंद लिंक लक्षात यावी म्हणून कळवलं.”

खाली आपलं नाव आणि तक्त्याचा पत्ता, बस. कोणत्या पानावर, कोणत्या ठिकाणी, काय बिघडलंय हे नेमकं सांगितल्यामुळे वाचणाऱ्याला ते लगेच तपासता येतं. पान खरोखर वाचल्याचा पुरावाही त्यातल्या एका सूचनेच्या उल्लेखातून मिळतो. तक्ता नाकारला तरी ई-मेल वाया जात नाही, कारण चूक दुरुस्त होते.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एकदा दोन ओळींची आठवण करावी आणि तिथे थांबावं. हाच मजकूर नावं बदलून शेकडो जणांना पाठवला, तर लोक तो स्पॅम म्हणून नोंदवतात आणि पुढे त्या पत्त्यावरून गेलेल्या कामाच्या ई-मेलही स्पॅममध्ये पडू लागतात.

लिंकसाठी पैसे देऊ करणं टाळावं, आणि ‘तुम्ही माझी द्या, मी तुमची देतो’ असा घाऊक व्यवहारही. गूगलच्या नियमांत क्रमवारी वाढवण्यासाठी केलेली लिंकची खरेदी स्पॅममध्ये मोडते. अमुक शब्दांवरच लिंक द्या, असा आग्रहही धरू नये. शब्द कोणते वापरायचे ते पानाच्या मालकाने ठरवावं.

लिंक मिळाली तर ते पान उघडून ती आपल्या बरोबर पानावर जाते का ते पाहावं. पानाच्या कोडमध्ये लिंकशेजारी rel="nofollow" दिसलं, तर या लिंकला आपली शिफारस समजू नका असं मालक गूगलला सुचवतो आहे. बऱ्याच संस्था सगळ्याच बाहेरच्या लिंकना हे लावतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नये. त्या लिंकवरूनही बागकामात रस असलेला वाचक येतोच. मात्र एका लिंकने गूगलवर पहिला क्रमांक मिळेल, ही आशा धरू नये.

ई-मेल पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: लिंक मिळाली नाही, तरी हा मजकूर वाचणाऱ्याच्या कामाचा आहे का? उत्तर ‘हो’ असेल तरच ती पाठवा.