बेंबीपासून उजव्या कुशीपर्यंत : अपेंडिक्सच्या दुखण्याची वाट

पोट दुखू लागले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘काय खाल्ले होते?’ प्रश्न चुकीचा नाही. पण अपेंडिक्सला सूज आली असेल तर त्याच्या उत्तरातून फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. दुखणे सुरू कोठे झाले, आता कोठे आहे आणि या दोहोंमध्ये किती तास गेले? अपेंडिक्सचा संशय प्रामुख्याने या उत्तरांवरून घेतला जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत ही विचारपूस अधिक नेटाने करावी लागते, कारण त्यांचे शरीर धोक्याची सूचना फार हळू आवाजात देते.

दुखणे जागा का बदलते?

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे पोटाच्या उजव्या बाजूस खाली करंगळीएवढी एक पोकळ शेपटी लोंबत असते. हेच अपेंडिक्स किंवा आंत्रपुच्छ. त्याचे एक टोक बंद असते. उघड्या टोकाशी मळाचा कठीण खडा अडकला किंवा आतील ग्रंथी सुजल्या, म्हणजे आतला स्राव बाहेर पडू शकत नाही. नळी फुगते, आत जंतू वाढतात आणि भिंतीवर ताण येतो.

हा ताण मेंदूला कळवणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येऊन मिळतात. त्यामुळे मेंदूला दुखण्याचा नेमका पत्ता लागत नाही. बिघाड उजवीकडे खाली असतो आणि वेदना मात्र बेंबीभोवती जाणवते. ही वेदना मंद, अस्पष्ट आणि अस्वस्थ करणारी असते. ‘कोठे दुखते ते दाखवा’ म्हटले, तर रुग्ण बेंबीभोवती सगळा तळहात फिरवतो.

काही तासांनी सूज नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येते आणि पोटाच्या भिंतीला आतून असलेल्या अस्तराला, म्हणजे उदरावरणाला, भिडते. या अस्तराच्या नसा अचूक पत्ता सांगणाऱ्या असतात. आता दुखणे उजव्या बाजूला खाली उतरते, टोचरे होते आणि एका जागी ठरते. रुग्ण आता तळहात फिरवत नाही, एका बोटाने जागा दाखवतो. तळहातापासून बोटापर्यंतचा हा प्रवास साधारणपणे बारा ते चोवीस तासांत होतो.

ती जागा घरीही ओळखता येते. उजव्या कमरेच्या हाडाचे पुढे आलेले टोक हाताला लागते. तेथून बेंबीपर्यंत एक सरळ रेषा कल्पावी आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर थांबावे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली या जागेचे वर्णन केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

क्रम पाहावा

दुखण्याइतकाच महत्त्वाचा असतो लक्षणांचा क्रम. अपेंडिक्समध्ये बहुधा आधी पोट दुखते, मग अन्नावरची वासना जाते, मळमळ होते, एखाददुसरी उलटी होते आणि ताप आलाच तर सर्वांत शेवटी, तोही बेताचा येतो. याउलट बाधलेल्या अन्नाने किंवा जंतुसंसर्गाने पोट बिघडले असेल, तर पुष्कळदा उलट्या-जुलाब आधी सुरू होतात आणि कळा त्यांच्या सोबत किंवा मागाहून येतात. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही. पण ‘आधी दुखले की आधी उलटी झाली?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

दुसरी खूण हालचालीची. मूतखड्याच्या कळा आल्या की माणूस तळमळतो, कुशी बदलतो, येरझारा घालतो. अपेंडिक्सचा रुग्ण स्थिर पडून राहू पाहतो. उजवा पाय किंचित पोटाशी घेतला की त्याला बरे वाटते. खोकताना, पायरी उतरताना किंवा रिक्षा खड्ड्यातून जाताना उजवीकडे खाली कळ उठत असेल, तर आतील अस्तर दुखावले आहे असे समजावे. पोट खोल दाबून पाहण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये.

ज्येष्ठांमध्ये चित्र पुसट

अपेंडिक्स हे तरुणांचे दुखणे, अशी आपली समजूत असते. प्रमाण त्या वयात अधिक आहे हे खरे, तथापि उतारवयातही ते होते. इंग्लंडचे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक जून १९०२मध्ये ऐन वेळी पुढे ढकलावा लागला तो अपेंडिक्सपाशी झालेल्या गळवामुळे. त्यावेळी त्यांचे वय साठ वर्षांचे होते.

वर सांगितलेला दुखण्याचा प्रवास तरुणांतही सुमारे निम्म्या रुग्णांतच स्पष्ट दिसतो. ज्येष्ठांत त्याहून कमी. वयोमानाने पोटाचे स्नायू सैल झालेले असतात, त्यामुळे पोट ताठ लागत नाही. ताप येतोच असे नाही. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी किंवा दम्यासाठी, संधिवातासाठी चालू असलेले स्टिरॉइड दुखणे आणि ताप दोन्ही झाकून ठेवते. मधुमेहात नसांची जाणीव मंदावलेली असू शकते. त्यात बद्धकोष्ठता आणि गॅसचा त्रास जुनाच असल्याने ‘नेहमीचेच आहे’ म्हणून दोन दिवस निघून जातात. दुसरीकडे, वाढत्या वयात अपेंडिक्सची भिंत पातळ आणि तिचा रक्तपुरवठा तोकडा झालेला असल्यामुळे ते लवकर फुटते. लक्षणे उशिरा उमटतात आणि धोका लवकर येतो. खरी अडचण आहे ती ही.

एक उदाहरण, तासागणिक

समजा, बाहत्तर वर्षांच्या एक आजी आहेत. रक्तदाबाची आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी रोज चालू आहे. संध्याकाळी सहा वाजता बेंबीभोवती दुखू लागते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून त्या ओवा चावतात. रात्री जेवण नको म्हणतात. नऊच्या सुमारास मळमळून एकदा उलटी होते. पहाटे चारला जाग येते तेव्हा दुखणे उजवीकडे खाली उतरलेले असते. सकाळी सून विचारते, “आई, आता नेमकं कुठे दुखतंय?” आणि आजी एका बोटाने जागा दाखवतात. ताप पाहिला तर ९८.४ अंश फॅरनहाइट.

रुग्णालयात डॉक्टर तपासतात. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते. हात झटकन उचलल्यावर मात्र कळ येत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी ९,६००, म्हणजे मर्यादेतच. पण त्यांतील न्यूट्रोफिल पेशींचे प्रमाण ८२ टक्के, म्हणजे वाढलेले.

अशा वेळी पुष्कळ डॉक्टर अल्वाराडो यांची १९८६ सालची दहा गुणांची पद्धत वापरतात. दुखण्याने जागा बदलली, १ गुण. भूक गेली, १. मळमळ किंवा उलटी, १. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते, २. हात उचलताना कळ नाही, ०. ताप ९९.१ अंशांपर्यंत पोहोचला नाही, ०. पांढऱ्या पेशी दहा हजारांवर गेल्या नाहीत, ०. न्यूट्रोफिल वाढले, १. बेरीज सहा. पाच-सहा गुण म्हणजे ‘शक्यता आहे’. सात किंवा अधिक म्हणजे ‘बहुधा तेच’.

तरुण रुग्णाला सहा गुणांवर काही तास देखरेखीखाली ठेवून पुन्हा तपासता येते. आजींच्या बाबतीत मात्र ताप आणि कळ हे दोन गुण वयाने आणि गोळीने झाकले असण्याची शक्यता आहे. म्हणून येथे गुणांवर विसंबून न राहता पोटाचा सीटी स्कॅन केला जातो. त्यापूर्वी मूत्रपिंडांचे कार्य पाहण्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. स्कॅनमध्ये अपेंडिक्स ११ मिलिमीटर जाड दिसते. सर्वसाधारणपणे ते सहा मिलिमीटरच्या आत असते. भोवतालची चरबीही सुजलेली आहे. निदान पक्के होते आणि अपेंडिक्स फुटण्यापूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते.

सोनोग्राफी उपयोगी असते, पण गॅस किंवा स्थूलपणामुळे तीत अपेंडिक्स दिसत नाही, असेही घडते. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ याचा अर्थ ‘अपेंडिक्सला काही झालेले नाही’ असा होत नाही. ज्येष्ठांत सीटी स्कॅनचा आणखी एक लाभ आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ असेल तर तीही अशाच दुखण्याच्या रूपाने प्रकट होऊ शकते. ती स्कॅनमध्ये नजरेस येऊ शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्यास सांगतात.

वाट चुकलेले दुखणे

अपेंडिक्सचे टोक सर्वांचे एकाच दिशेला नसते. ते मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असेल, तर दुखणे उजव्या कुशीत किंवा पाठीकडे जाते आणि पुढून दाबल्यावर फारसे दुखत नाही. ते खाली ओटीपोटात उतरलेले असेल, तर वारंवार लघवीला होते किंवा थोडेसे जुलाब होतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग समजून औषध सुरू होते. त्या औषधाने एका दिवसात उतार पडला नाही, तर पोट पुन्हा तपासून घ्यावे.

घरी काय टाळावे

पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये. एनिमाही देऊ नये. बेंबी सरकली असे मानून पोट चोळणे, बेंबीवर पेला लावणे किंवा गरम पिशवीने शेकणे यांनी सुजलेली नळी फुटण्याचा धोका वाढतो. वेदनाशामकाची जादा गोळी स्वतःहून देऊ नये. रुग्णालयात तपासणी झाल्यावर मात्र डॉक्टर वेदनाशामक देतात. त्याने निदान लपते ही जुनी भीती आता मानली जात नाही. निघताना खाणे थांबवावे. शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले ते लिहून घ्यावे. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून दाखवावी.

दुखणे सुरू झाल्यापासून २४ ते ३६ तासांनंतर अपेंडिक्स फुटण्याची शक्यता वाढत जाते. फुटताना आतला ताण एकदम उतरतो आणि रुग्णाला तासभर बरे वाटते. दिवसभर दुखणारे पोट औषधाविना अचानक थांबले आणि पाठोपाठ पोट फुगले, नाडी जलद झाली, थंडी वाजून ताप आला किंवा माणूस गुंगू लागला, तर तो आराम फसवा आहे हे ओळखावे. बरे वाटले म्हणून रुग्णालयात जाणे लांबणीवर टाकू नये. तेवढ्या अवधीत पू पोटभर पसरू शकतो.