त्रेपन्न शून्यं

नेरहून अमरावतीला निघालो आणि भाच्याने नवा 64 जीबीचा पेन ड्राइव्ह गाडीला लावला. पडद्यावर आलं USB ERROR. जुना 8 जीबीचा लावला, तर गाणं लगेच सुरू! दोन्हींतली गाणी तीच, एकाच लॅपटॉपवरून भरलेली.

गाडी गाणी शोधण्याआधी पेन ड्राइव्हवरच्या मांडणीचा पहिला कप्पा वाचते. तो 512 बाइटांचा. तुकडे केवढे आणि यादी कुठून सुरू होते, हे तिथे लिहिलेलं असतं. जुन्याची मांडणी होती 1996 सालची FAT32, नव्याची exFAT. 64 जीबीचे पेन ड्राइव्ह बरेचदा तिच्यातच येतात. जिथे FAT32 आपले आकडे लिहिते, तिथे exFAT मध्ये 11 ते 63 क्रमांकाचे बाइट, म्हणजे सलग 53 बाइट, नुसते शून्य असतात.

ही शून्यं मुद्दाम ठेवलेली आहेत. मायक्रोसॉफ्टने 2006 साली exFAT आणली. एखाद्या जुन्या यंत्राने तिला FAT समजून वर काही लिहिलं असतं, तर आतल्या फाइलींची वाट लागली असती. शून्यं दिसताच जुनं यंत्र हात आखडता घेतं. आमच्या गाडीने गाणी वाजवली नाहीत, पण त्यांना धक्काही लावला नाही. हे कळलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो.

घरी येऊन गाणी आधी लॅपटॉपवर काढून ठेवली, कारण फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं. विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीत 32 जीबीच्या वर FAT32 चा पर्यायच मिळेना. मग Disk Management मध्ये जुना भाग काढून 30,000 एमबीचा नवा केला आणि त्याला FAT32 दिलं. एका गाण्याला 5 एमबी धरले, तर यात सुमारे सहा हजार गाणी मावतात.

आता पेन ड्राइव्ह उघडला, पण काही गाणी मुकीच. भाच्याने m4a फाइलींच्या नावापुढे नुसतं mp3 लिहिलं होतं. नाव बदललं तरी आतला आवाज AAC पद्धतीनेच बांधलेला राहतो. त्या फाइली कन्व्हर्टरमधून खऱ्या एमपी3 करून घेतल्या.

तरी शेवटची बरीच गाणी दिसेनात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, एका फोल्डरमध्ये 255 फाइली. आमच्या फोल्डरमध्ये 412 होत्या. हरवली होती ती नेमकी शेवटी कॉपी केलेली. FAT ची यादी अकारविल्हे लावलेली नसते. रिकाम्या पेन ड्राइव्हवर भरत जाल, तशा नोंदी एकाखाली एक पडतात. गाडी त्या वरून मोजत आली आणि 255 वर थांबली. म्हणून दोन फोल्डर केले, प्रत्येकी 206 गाण्यांचे. पुढच्या खेपेला नांदगाव खंडेश्वर यायच्या आतच, पूर्वी 256 व्या नंबरावर अडकलेलं गाणं वाजलं.