वहीतून तक्त्याकडे – भाग ४ : एक की नऊ?

मागच्या भागात आपण दूध संकलन केंद्राच्या वहीचं पान दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून टिपलं आणि वाकडं आलेलं सरळ करून घेतलं. आता त्यातले आकडे तक्त्यात उतरवायचे.

हाताने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांत सगळ्यात जास्त फसवतो तो १ आणि ९ चा जोड. घाईत लिहिलेल्या ९ ची शेपटी तुटली की त्याचा १ दिसतो. हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर अशा वेळी अडत नाही, एक आकडा ठोकून देतं. म्हणून त्याच्या खात्रीवर मी विसंबत नाही. पडताळा वहीतच असतो: लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम.

एक ओळ घेऊ. लिटर ६.५, दर ३१, रक्कम २५३.५०. पण ६.५ गुणिले ३१ होतात २०१.५०. फरक ५२ चा. त्याला लिटरने भागलं की ८ येतात, आणि ९ व १ मधलं अंतरही ८ च. म्हणजे दर बहुधा ३९ असावा. गुणाकाराचा हा पडताळा तक्त्याच्या प्रत्येक ओळीला सूत्राने लावता येतो. B मध्ये लिटर, C मध्ये दर, D मध्ये रक्कम:

```
=IF(ABS(B2*C2-D2)>0.5,"तपासा","")
```

अर्ध्या रुपयाची सूट ठेवली आहे, कारण अनेक ठिकाणी रक्कम पूर्ण रुपयात लिहितात.

इथे मोह होतो तो ३१ पुसून ३९ टाकण्याचा. तसं करू नका. वाचलेला आकडा जागेवर राहू द्या, शेजारच्या ‘शंका’ रकान्यात `3[1|9]` असं लिहा आणि त्या चौकटीचा फोटो कापून जोडा. लिहिणाऱ्याचाच गुणाकार चुकलेला असू शकतो. फोटोत ३१ स्वच्छ दिसत असेल, तर तक्त्यात ३१ च राहील, आणि ‘वहीतच तफावत’ एवढी नोंद होईल. वहीत काय लिहिलंय आणि काय असायला हवं होतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सभासदाचे पैसे त्या फरकावर अवलंबून असतात.

उचलीच्या रकान्याला गुणाकाराचा आधार नसतो, तिथे पानाखालची बेरीज कामी येते. आपली बेरीज ८० ने कमी भरली तर दशक स्थानचे १ आधी पाहा, ८०० ने कमी भरली तर शतक स्थानचे. दोन ओळींतल्या उलटसुलट चुका मात्र एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज जुळते.

सभासद क्रमांकाला तर कसलाच हिशेब लागू होत नाही. तिथला प्रत्येक १ आणि ९ नावाशी ताडून, डोळ्यांनीच तपासा.