सोबत्यांना आधीच दिलेले हुकूम

पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत एक प्रकार असा आहे की, त्यात खेळणारा एकटा नसतो. कथेत त्याच्याबरोबर तीन-चार सोबती चालत असतात. कोणी तलवारबाज, कोणी धनुर्धर, कोणी मंत्र म्हणून जखमा बऱ्या करणारी. खेळणाऱ्याच्या हाताशी मात्र यंत्र एकच असते. एकाला तो चालवील, पण बाकीच्यांनी त्या वेळी काय करायचे? नुसते उभे राहिले तर मार खातील, आणि आपल्या मनाने लढू लागले तर काय करतील याचा भरवसा नाही. या खेळांची रचना करणाऱ्यांना हा प्रश्न फार वर्षे छळत आला आहे. त्याचे एक उत्तर मला विशेष चांगले वाटते, म्हणून आज तेवढेच जरा नीट पाहू.

आधी एक फसलेला प्रयत्न सांगतो. जपानमधील एनिक्स या कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेतील चौथा खेळ १९९० साली आला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात सोबत्यांना एकेक हुकूम देताच येत नसे. खेळणाऱ्याने फक्त धोरण सांगायचे: जिवाला जपा, जोरात तुटून पडा, मंत्र वापरू नका, असे. पुढचे यंत्र ठरवी. त्यात क्लिफ्ट नावाचा एक पुरोहित आहे. शत्रूला एका फटक्यात मारणारा मंत्र त्याला येतो, पण मोठ्या शत्रूंवर तो मंत्र मुळी चालतच नाही. तरी हा गृहस्थ ऐन लढाईत तोच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणत राही, आणि शेजारी मित्र घायाळ पडलेले असत! जपानी खेळाडूंत त्याची थट्टा अजून चालते. पुढच्या, १९९२ सालच्या खेळात ‘मला हुकूम देऊ द्या’ असे एक धोरणच घालावे लागले.

म्हणजे नुसते धोरण सांगून भागत नाही, आणि प्रत्येक क्षणी प्रत्येकाला हुकूम देत बसणेही जमत नाही. यातून मधली वाट काढली ती २००६ साली आलेल्या ‘फायनल फँटसी’ मालिकेतील बाराव्या खेळाने. हा खेळ स्क्वेअर एनिक्सने प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी काढला आणि २०१७ साली नव्या यंत्रासाठी सुधारून पुन्हा आणला. त्यातील युक्तीला ‘गॅम्बिट’ म्हणतात. शब्द बुद्धिबळातला आहे, पण इथे त्याचा अर्थ साधा: आधी लिहून ठेवलेला हुकूम.

आपण शेतावर गड्याला सांगून जातो, “वाफा भरला की दारं मोड, विहीर आटली की पंप बंद कर.” तसेच हे. प्रत्येक सोबत्यासाठी एक यादी असते, जास्तीत जास्त बारा ओळींची. एका ओळीत दोनच गोष्टी. डावीकडे ‘कोण, कोणत्या स्थितीत’ आणि उजवीकडे ‘काय करायचे’. सोबत्याची पाळी आली की यंत्र यादी वरून खाली वाचू लागते. ज्या ओळीतली अट पहिल्यांदा खरी ठरते ते काम तो करतो आणि खालच्या ओळींकडे बघतही नाही. पुढच्या पाळीला पुन्हा वरपासून वाचन. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती इथे एवढीच. पण एवढ्यातही घोटाळे किती होतात बघा.

पेनेलो नावाची मुलगी या खेळात आहे. तिला आपण वैद्यकी दिली असे धरू. नवखा माणूस तिच्या यादीत पहिली ओळ लिहितो: ‘नायक ज्या शत्रूशी लढतो आहे, त्याच्यावर हल्ला.’ दुसरी ओळ: ‘मित्राची प्राणशक्ती निम्म्याहून कमी, तर उपचार.’ वाचायला ठीक वाटते, नाही का? पण लढाई चालू असेतो शत्रू समोर असतोच. म्हणजे पहिली ओळ नेहमीच खरी, आणि दुसरीपर्यंत यंत्र पोहोचतच नाही. पेनेलो काठीने शत्रूला बडवीत राहते आणि उपचार करते शत्रू मेल्यावर. हीच या चुकीची खूण: लढाई संपल्यावर जर औषधपाणी सुरू होत असेल, तर यादीचा क्रम उलटा लागला आहे असे खुशाल समजावे. जी अट क्वचित खरी होते ती वर, आणि जी नेहमीच खरी असते ती अगदी तळाला.

क्रम सुधारला. आता तो ‘निम्म्याहून कमी’ आकडा पाहू. समजा, बाश या योद्ध्याची प्राणशक्ती १००० आहे आणि शत्रूचा एक घाव ३५० चा. पहिल्या घावाला बाश ६५० वर येतो. हे निम्म्याहून जास्त, म्हणून पेनेलो हलत नाही. दुसऱ्या घावाला ३०० राहतात. आता ती मंत्र म्हणायला घेते, पण मंत्राला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तिसरा घाव पडला की बाश संपला. तेच ‘७० टक्क्यांहून कमी’ अशी अट असती, तर ६५० लाच तिने उपचार सुरू केले असते आणि एक घाव सोसण्याइतकी जागा उरली असती. मग आकडा आणखी वाढवून ९० करावा का? तसे केले तर प्रत्येक ओरखड्याला ती मंत्र खर्च करते आणि तिची मंत्रशक्ती लवकर संपते. शत्रूचा घाव केवढा आहे हे पाहूनच आकडा ठरवावा लागतो.

मंत्रशक्ती संपली की काय होते? जे काम करणे शक्य नाही ती ओळ यंत्र सोडून देते आणि खालची वाचते. खाली हल्ल्याची ओळ असेल, तर मित्र मरायला टेकलेला असताना बाई शांतपणे काठी चालवू लागतात. म्हणून जाणता खेळाडू उपचाराच्या मंत्राखाली तीच अट पुन्हा लिहितो, पण काम देतो औषधाची बाटली वापरण्याचे.

‘हा खेळ आपला आपणच चालतो, माणसाला काय काम?’ अशी टीका या पद्धतीवर झाली. मला ती पटत नाही. यात बोटांचे काम कमी होते हे खरे, पण डोक्याचे वाढते. शिवाय लगाम हातातच असतो. यादी चालू असताना केव्हाही हुकुमांचा तक्ता उघडून सोबत्याला वेगळे काम सांगता येते. ते काम यादीच्या आधी होते आणि मग तो पुन्हा यादीकडे वळतो. तक्ता उघडा असेतो लढाई थांबून राहावी, अशी सोयही निवडता येते.

आणि हा लगाम लागतोच, कारण एका ओळीत अट एकच मावते. ‘मित्र घायाळ आहे आणि त्याच्यावर ढाल नाही’ असे दुहेरी वाक्य लिहिता येत नाही. खेळात ‘रिफ्लेक्ट’ नावाची एक मंत्राची ढाल आहे. ज्याच्यावर ती असते, त्याच्यावर टाकलेला मंत्र उलटून समोरच्या पक्षावर जातो. बाशवर ही ढाल असताना त्याची प्राणशक्ती ७० टक्क्यांखाली गेली, तर पेनेलोची ओळ आकडा पाहते, ढाल पाहत नाही. ती उपचार करते आणि बरा होतो शत्रू! मारता मारता शत्रूची प्राणशक्ती वाढू लागली, की आधी आपल्याच माणसांवर ही ढाल आहे का ते बघावे. प्रत्येक ओळीला चालू-बंदची खूण असते. मंत्राची ओळ तेवढी बंद करावी, म्हणजे तिच्या खालची बाटलीची ओळ आपोआप कामाला लागते. बाटली मंत्र नव्हे, त्यामुळे ती ढालीवरून उलटत नाही.